इंजेक्शनचा दिवा

कसालच्या अलीकडे मुसळधार पावसात माझी स्कूटर अडखळू लागली आणि डॅशबोर्डवरचा इंधन-इंजेक्शनचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला. आईला ओरोसच्या इस्पितळात हलवलं होतं. मी पुन्हा पुन्हा बटण मारत होतो.

बसथांब्यात एक पन्नाशीचा माणूस बसला होता. तो उठून जवळ आला.

"किल्ली पयली बंद कर. दिवो मोजून लुकलुकता काय कसोय?"

"कसाही."

"मोजून लुकलुकलो तर बिघाडाचो नंबर सांगता. ह्यो कसोय लुकलुकता, म्हणजे खंयतरी जोड भिजलो आसा."

गोव्यात गॅरेजात होतो, एवढंच तो म्हणाला. सीट उघडून त्याने खालचं झाकण काढलं. थ्रॉटलच्या सेन्सरची वायर जिथे जोडते, तिथलं रबर फाटलं होतं आणि आत पाणी शिरलं होतं. त्याने जोड सोडवला, फुंकला, पिशवीतल्या कोऱ्या पंच्याच्या टोकाने हिरवट पिना हळूच पुसल्या आणि टक् आवाज येईपर्यंत पुन्हा बसवला.

किल्ली फिरवली. पंप गुणगुणला, दिवा दोन सेकंद पेटून विझला, इंजिन सुरळीत चालू झालं.

"काका, बसा. मी ओरोसला इस्पितळात चाललोय. आई तिथे आहे."

"मीय थंयच जातंय. पण तू जा. माझ्या वजनान वेळ लागात."

"तुमचं कोण आहे तिथे?"

"बायल. सकाळीच गेली. माका आता घाई नाय."

आई वाचली. संध्याकाळी मी इस्पितळाच्या मागच्या दारी, शवागारापाशी गेलो, तेव्हा तो बायकोला घेऊन निघून गेला होता.