आधणाशेजारची भिंत

खांदा आखडला, तेव्हा राजारामपुरीतल्या फिजिओथेरपीवाल्या बाईंनी भिंतीवर बोटं चढवत नेण्याचा व्यायाम दिला. चार दिवस झाले की तो बंद पडायचा. मला कुणी आळशी म्हटलेलं खपत नाही. बाई ‘आळस करता’ म्हणाल्या, तर त्यांच्याशीच भांडले.

त्या शांतपणे विचारत गेल्या. फार दुखतं का? सोसवेल इतकंच. व्यायाम जास्त होतो? नाही. मग करता कधी?

"सवड मिळाली की."

"काकू, बाईला घरात सवड मिळतीया व्हय? रोज न चुकणाऱ्या कामाला बांधा की."

मी तो नवऱ्याच्या सकाळच्या चहाला बांधला. आधण उकळेपर्यंत ओट्याशेजारच्या भिंतीवर बोटं चढायची. आतल्या खोलीतून ते ओरडायचे, "चढली का न्हाय?" हात डोक्याच्या वर जाऊ लागला.

गेल्या वर्षी ते गेले आणि व्यायाम पुन्हा थांबला. बाईंसारखंच एकेक कारण तपासलं. दुखणं तेवढंच, भिंत तीच, सवड तर नको इतकी. मग लक्षात आलं, सकाळचा चहाच मी ठेवत नव्हते.

आता व्यायाम दूध तापवण्याला बांधलाय. उतू जाईल म्हणून तिथं उभं राहावंच लागतं. खांदा सुटत चाललाय. बोटं वर पोचली की मी अजून आतल्या खोलीकडं बघून ओरडते, "चढली हो!"