चष्म्याच्या दुकानाचा आवाज

ताईंच्या दुकानात आरसे जास्त आणि भिंत कमी. आत आलेला माणूस आधी स्वतःलाच चारपाच बाजूंनी भेटतो, मग ताईंना. ताई काउंटरच्या मागे उंच स्टुलावर बसलेल्या असतात आणि समोरच्याच्या नाकाकडे बघत असतात. फ्रेम डोळ्यांवर बसते असं लोकांना वाटतं. ती बसते नाकावर, असं त्यांचं म्हणणं.

दुकानाचं फेसबुकवर एक पान आहे. ते ताईंनी एकटीनं वाढवलं. जाहिरात अशी त्यांनी कधी केलीच नाही. 'काल एक गृहस्थ चष्मा हरवला म्हणून नवा करायला आले. जुना डोक्यावर होता. आम्ही चहा पाजून परत पाठवलं.' असं काहीबाही लिहीत. लोक वाचत, हसत, आणि डोळे चुरचुरले की इकडेच येत. निम्मं गिऱ्हाईक पानावरूनच यायचं. प्रश्नांना उत्तरंही ताईच द्यायच्या, भाजी ढवळता ढवळता.

मुलीचे दिवस भरत आले, तेव्हा अडचण झाली. मुलगी दुसऱ्या शहरात. ती फोनवर म्हणाली, "आई, ये. पण फोन घेऊन दुकान चालवणार असशील तर येऊ नकोस. मागच्या वेळी मी तापानं फणफणले होते आणि तू कुणाला तरी काचेवरचे ओरखडे समजावत होतीस."

खरं होतं ते.

मग पान तिघांच्या हाती द्यायचं ठरलं. सून, दीर आणि काच कापणारा कारागीर. जाण्याआधी थोडे दिवस सराव म्हणून तिघांनी लिहायचं, ताईंनी नुसतं बघायचं. सुनेनं पहिल्याच पोस्टमध्ये फुगे, फटाके आणि नाचणारी बाई अशी सगळी चित्रं लावली. दिरांनी 'दृष्टी ही आत्म्याची खिडकी' इथपासून सुरुवात केली आणि दुकानाच्या वेळेपर्यंत पोचायला त्यांना तीन परिच्छेद लागले. कारागिरानं लिहिलं: 'फ्रेम आली. या.'

जुने गिऱ्हाईक असलेल्या एका निवृत्त मास्तरांनी खाली विचारलं, 'दुकानात कुणाकुणाचा संचार झालाय?'

"एक ठरवून घेऊ," सून म्हणाली. "आपलं पान कसं बोलतं ते लिहून काढू. सगळ्यांच्या फोनवर राहील. लिहायच्या आधी बघायचं."

तिनं त्याच संध्याकाळी लिहिलं: आपला आवाज आपुलकीचा, खेळकर, विश्वासू.

दीर म्हणाले, "मग माझं काय चुकलं? मी आपुलकीनंच लिहिलं होतं."

"भाऊजी, तुमची आपुलकी वाचेपर्यंत माणसाला नवा नंबर लागतो," ताई म्हणाल्या.

विशेषणांनी भागेना, तेव्हा सुनेनं ताईंच्या जुन्या पोस्ट उपसल्या आणि त्यांची नेहमीची वाक्यं वेचून काढली. त्यांत सगळ्यांत लाडकं होतं 'डोळे तुमचे, घाई कसली'. फ्रेम निवडताना गोंधळणाऱ्यांना ताई हे हमखास लिहीत. सुनेनं नियम केला: प्रत्येक उत्तराच्या शेवटी हे वाक्य यायलाच हवं. सगळ्यांना पटलं. पानही एकसुरी, म्हणजे एका सुरात, बोलू लागलं.

मग एका बाईंनी लिहिलं, 'मुलाचा चष्मा कालच मिळायचा होता. उद्या त्याची परीक्षा आहे. फळा दिसत नाही, पेपर काय दिसणार?'

फोन कारागिराजवळ होता. त्यानं नियम उघडला, वाचला आणि नियमाला धरून उत्तर दिलं: 'काच पुन्हा कापतोय. डोळे तुमचे, घाई कसली.'

दुपारपर्यंत त्याच्याखाली लोकांनी जे लिहिलं, ते घरात मोठ्यानं वाचण्यासारखं नव्हतं.

"काढून टाकते," सून फोन हातात घेऊन म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता.

"नको. लोकांनी वाचलंय. पुसलं तर अजून वाईट." ताईंनी फोन घेतला आणि लिहिलं: 'चूक आमची. तुमच्या मुलाची काच कापताना तडकली, आणि ते तुम्हाला कळवायचं राहिलं. वरचं उत्तरही चुकीचं होतं. चष्मा आज संध्याकाळी घरी पोचेल. निघण्याआधी फोन करू.' मग कारागिराला म्हणाल्या, "आता बाकी सगळं बाजूला ठेव."

"ताई, तुमचंच वाक्य होतं की," कारागीर पुटपुटला. तो खराच दुखावला होता.

"माझंच होतं रे. पण मी तिथं लिहिलं असतं का?"

यंत्राचा आवाज सुरू झाला. काच घासली जाताना एक बारीक, ओलसर किरकिर येते, तेवढीच ऐकू येत राहिली. ताई आरशांसमोर बसून होत्या. पाच आरशांत पाच ताई, आणि एकीलाही आपण कशा बोलतो ते सांगता येत नव्हतं. मुलीकडे जायचं रद्द करावं, असं मनात येऊन गेलं.

संध्याकाळी चष्मा पोचला. बाईंनी पानावर फक्त 'मिळाला' एवढं लिहिलं. तेवढंही पुष्कळ होतं.

त्यानंतर सुनेनं पद्धत बदलली. जुनी पोस्ट समोर धरायची आणि विचारायचं, "आई, इथं असं का लिहिलंत?" ताईंना आधी सांगता येईना. मग येऊ लागलं. "थट्टा दुकानाची करायची, गिऱ्हाइकाच्या नाकाची, वयाची, नंबराची नाही." "आधी त्याला हवं ते सांगायचं, शहाणपण मागाहून." "विश्वास ठेवा असं म्हणायचं नाही. कधी होईल ते सांगायचं." "मी नाही, आम्ही." "तक्रार असेल तर विनोद बंद. स्वभाव तोच, पण लग्नघरात बोलतो तसं दवाखान्यात बोलतो का आपण?" "डोळा दुखतोय म्हटलं तर सल्ला द्यायचा नाही, डॉक्टरकडे पाठवायचं."

प्रत्येक नियमाखाली सुनेनं एक चुकलेलं उत्तर आणि एक जमलेलं उत्तर ठेवलं. चुकलेली उत्तरं शोधायला लांब जावं लागलं नाही. फुगे आणि फटाके तिनं स्वतःचेच घातले. लाडक्या वाक्याखाली लिहिलं: फक्त फ्रेम निवडताना, तेही क्वचित.

ताई निघायच्या आदल्या दिवशी परीक्षा झाली. एका आजोबांनी विचारलं होतं की दूरचं-जवळचं एकत्र असलेल्या नव्या चष्म्यातून जिन्याच्या पायऱ्या फुगलेल्या दिसतात, काय करावं. ताईंसकट चौघांनी वेगवेगळं उत्तर लिहिलं, सुनेनं नावं काढून ती एकाखाली एक ठेवली.

ताईंनी वाचलं आणि एकावर बोट ठेवलं. "हे माझं."

'पायऱ्या तशाच आहेत, आम्ही नव्या काचा दिल्यात. उतरताना डोळे नाही, मान खाली करा आणि कठडा धरा. आठवड्याभरात सवय झाली नाही तर या, काचा पुन्हा तपासू.'

"ते माझं," दीर म्हणाले.

ताई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "भाऊजी, आत्मा कुठं गेला?"

"होता. खिडकीसकट. तुमची सून म्हणाली कापा, कापला."

सगळे हसले. ताईही हसल्या, पण जरा उशिरा. आपली सावली दुसऱ्याच्या पायाशी पडलेली बघावी, तसं काहीसं त्यांना वाटलं. मग त्यांनी फोनमधून पान काढून टाकलं आणि बॅग भरायला घरी गेल्या.

नात झाली. ताईंनी कबूल केल्याप्रमाणे काही बघितलं नाही. एका दुपारी मुलीनंच आपला फोन त्यांच्यापुढे धरला. पानावर लिहिलं होतं: 'ताई कुठं आहेत, असं बरेच जण विचारतात. त्या एका फार लहान गिऱ्हाइकाकडे गेल्या आहेत. नंबर नाही, नाक जेमतेम आहे. फ्रेम कुठं बसवायची हा प्रश्नच आहे. परत आल्या की कळवू.'

ताईंनी तिच्याच फोनवरून सुनेला फोन लावला. "नाकाची थट्टा करायची नाही असं ठरलं होतं ना? कुणी लिहिलंय?"

"ते घरचं नाक आहे, आई. नियमात बसतं," सून म्हणाली. "आणि कुणी म्हणजे काय? आम्ही."

मांडीवरची नात डोळे किलकिले करून त्यांच्याकडे बघत होती. ताईंनी फोन मुलीला देऊन टाकला.