पाण्याखालची गच्ची

एजंटबाईंनी जाहिरातीत लिहिलं होतं, 'सर्वात वरचा मजला, भरपूर उजेड, वर स्वतःची ऐसपैस गच्ची.' गिऱ्हाईक नवरा-बायकोला घेऊन त्या जिना चढल्या, तर घरमालक काकांनी गच्चीच्या पन्हाळी बोळे कोंबून बंद केलेल्या आणि घोट्याएवढं पाणी साठवलेलं!

"अहो काका, गच्ची दाखवायचीय, तलाव नाही!" बाईंच्या डोक्यात तिडीक गेली.

काका ढिम्म. "गळतं का बघायला परवापासून भरलंय. खाली छताला हात लावून बघा."

एकदा कधीतरी हॉलचं छत गळलं होतं, तेव्हापासून या माणसाला दुसरा विषयच नव्हता. पण खाली येऊन पाहिलं, तर छत खरंच खडखडीत कोरडं होतं. उजेडही असा, की दिवसा दिवा लावायला नको. गिऱ्हाईकबाई खूश झाल्या. "वर कुंड्या ठेवता येतील ना?"

"छे! मुळं वॉटरप्रूफिंग फोडतात."

"मग झोपाळा?"

"त्याला भोकं पाडायची? वाट लागेल सगळ्याची!"

एजंटबाईंनी कपाळावर हात मारला.

"मग संध्याकाळी तुम्ही बसता कुठे?" गिऱ्हाईकबाईंनी विचारलं.

"इथेच, हॉलमध्ये," काका म्हणाले. "छताकडे बघत."