चार महिने निवडलेला रंग

नगवान माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहते. अलेक्झांड्रियातल्या आमच्या इमारतीत प्रत्येकाची पाहुण्यांची खोली कायम बंद. सोनेरी खुर्च्यांवर चादरी, आणि घरच्यांनी मात्र स्वयंपाकघराशेजारी अंग चोरून बसायचं. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाल्यावर नगवानने ठरवलं, सत्तावीस वर्षं दुसऱ्यांसाठी पुसलेली ही खोली आता माझी. तिथे बसून चित्रं काढायची.

बाई शिस्तीची. आधी एका फळीवर पडद्याच्या कापडाचा तुकडा, गालिच्याची लोकर, मासिकांतली कात्रणं चिकटवली. रंग कापडावरून ठरवायचा, म्हणाली, कारण रंग हवा तसा मिसळून मिळतो, कापड मिळत नाही. मग तीन रंगांचे लहान डबे आणून मोठ्या पुठ्ठ्यांवर दोन-दोन हात दिले. कडेला पांढरी पट्टी सोडली, नाहीतर भिंतीचा जुना पिवळा डोळ्यांना फसवतो. ते पुठ्ठे या भिंतीवरून त्या भिंतीवर फिरवत ती सकाळी बघायची, संध्याकाळी बघायची, दिवा लावून बघायची. राखाडी रंग संध्याकाळी निळा दिसायला लागला, तो बाद. फिकट ऑलिव्ह टिकला. काम टप्प्याटप्प्याने: आधी वायरिंग, मग रंग, मग पडदे, खुर्च्यांचं कापड शेवटी.

नवरा सफवत तेव्हा भलताच गोड झाला होता. घाई करू नकोस, हिवाळ्याच्या उन्हातही बघ, म्हणायचा. फळीचे फोटोसुद्धा काढायचा. आणि मी मूर्ख, तिला म्हटलं, नशीब काढलंस.

त्यांच्या मुलाचं, वाइलचं लग्न ठरलं, आणि सोयरीक पक्की करणारी फातिहाची प्रार्थना म्हणायला होणाऱ्या सुनेच्या, युम्नाच्या घरचे आले. शेजारीण म्हणून मीही होते. युम्नाची आई खोलीभर फिरली, फळीसमोर थांबली आणि खूश होऊन नगवानला मुलाच्या नावाने हाक मारत म्हणाली, "उम्म वाइल, फोटो पाहिल्यापासून आमची पोरगी हाच रंग धरून बसलीये. या खुर्च्या तेवढ्या तुम्ही दमनहूरला घेऊन जा."

दमनहूरला सफवतच्या आईचं जुनं घर आहे. घराशिवाय मुलगी कोण देतो? सफवतने हा फ्लॅट चार महिन्यांपूर्वीच युम्नाच्या घरच्यांना मुलासाठी कबूल केला होता, आणि नवरा-बायकोने दमनहूरला जायचं हेही ठरवून टाकलं होतं.

नगवानने वाइलकडे पाहिलं. तो चहाच्या पेल्यात बघत राहिला. म्हणजे त्यालाही माहीत होतं. माझं डोकं सणकलं, पण मी कोण बोलणारी?

सफवत हळूच म्हणाला, "अगं, मुलाला घर नको का? आणि तुझी निवड कुठे वाया जातेय?"

"चार महिने मला रंग विचारलास," ती म्हणाली. "घराचं एकदाही नाही."

तेवढ्यात युम्नाच्या वडलांनी तळवे उघडले आणि सगळे फातिहा पुटपुटू लागले. नगवानचे हात मांडीवरच होते. लोक बघतायत, सफवत कुजबुजला. मग तिनेही तळवे उघडले. मी तिच्या शेजारीच बसले होते, तिचे ओठ हलले नाहीत.