मंजूनं कापलेली वायर

छोटेलालकाका मला आवडत नाहीत, हे आधीच सांगून टाकते. दवनीवाड्यात आमची भिंतीला भिंत, त्यामुळे त्यांच्या घरची भांडणं मला फुकटात ऐकू येतात. त्यांची सून मंजू भांडकुदळ आहे, असं गाव म्हणतं. आहेच. पण कशापायी भांडते, ते कोणी विचारत नाही.

काकांनी सात वर्षांच्या नातीला, रुचीला, टॅब घेऊन दिला. रुची त्यांच्याजवळ झोपते. रात्री टॅब चार्जिंगला लावून तिच्या उशाशी, वरून गोधडी. मंजू रोज पिन काढायची, ती वळली की काका पुन्हा लावायचे. पिनेजवळ वायर मोडून आतली तार दिसायला लागली, तेव्हा या शहाण्यानं मोटारपंपाची चिकटपट्टी गुंडाळली.

मंजू सासऱ्याला म्हणाली, "मामाजी, फेकून द्या ते वायर. टॅब बी तापून राहिला."

"मोटारीच्या वायरले तीन वर्सं झाले पट्टी लावून. काही झाला का? अन् तुह्या बापानं घेतला का टॅब?"

एका दुपारी तर चार्जिंगवरच्या तापलेल्या टॅबला त्यांनी ओला दुपट्टा गुंडाळला. ओल्या फडक्यानं माठ थंड होतो, मग हा कायले नाही होणार म्हणे! मंजूनं आधी बटण बंद केलं, मग दुपट्टा ओढला, आणि सासऱ्याला जे बोलली ते मी इथं लिहीत नाही.

चार दिवसांपूर्वी पहाटे ती सडा टाकायला उठली. गोधडीखाली टॅब रात्रभर चार्जिंगवर, आणि त्यावर गाल टेकून रुची झोपलेली. गाल लालभडक. मंजूनं भिंतीवरचं बटण बंद करून पिन उपटली, लेकीला उचलून निर्मलाबाईंच्या, म्हणजे सासूच्या, मांडीवर दिलं आणि विळ्यानं वायरचे दोन तुकडे केले.

काका ओरडत उठले, तशी मी त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. "माह्या घरात माह्यावर दादागिरी करून राहिली का?"

तिनं टॅब त्यांच्यासमोर धरला. "गाल ठेवा यावर. तुमची नात रातभर ठेवून होती. ठेवा ना!"

ऐट दाखवायला त्यांनी ठेवला. पाच अंकही मोजून झाले नसतील, झटका बसल्यासारखे मागे सरले. मग रुचीच्या गालाकडे त्यांची नजर गेली. वाकून त्यांनी वायरचे तुकडे उचलले आणि स्वतःच बाहेर फेकून आले. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

आता नवा चार्जर, टॅबला जमणारा, दुकानदाराला विचारून आणलेला. चार्जिंग दिवसा, कव्हर काढून, उघड्या फरशीवर. काका शेजारी खाटेवर बसून मधूनमधून टॅबच्या पाठीला हात लावून बघतात, भरला की स्वतःच काढतात. रात्री टॅब मंजूच्या पेटीत.

सुनेशी मात्र ते अजून बोलत नाहीत. निर्मलाबाई म्हणाल्या, "माफी माग, पोरी, मोठे आहेत ते."

रुचीच्या गालाला मलम लावता लावता मंजू म्हणाली, "नाही बोलत तं नको बोलू देत. पोरगी धड हाय ना माही."