केस कशाचे

"बाल कायके हैं, वो नक्को लिखो. नॅचरल, बस."

आबिड्सच्या आमच्या दुकानात, रंगांच्या खोक्यांमागे बसून मी लॅपटॉपवर टाइप करत होते. बोलणारा माणूस काकांना माल देणारा होता. तो टेबलावर वाकून, मला ऐकू जाणार नाही अशा बेतानं बोलला. पण त्याचा तो बेतच मला जास्त ऐकू आला. काका नुसते "हौ, हौ" म्हणाले.

काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. चित्रकलेच्या सामानाचं दुकान त्यांचं. ऑनलाइन विक्री सुरू झाल्यापासून वस्तूंची माहिती इंग्रजीत लिहून साइटवर टाकायचं काम माझ्याकडे आलं. "तुझं इंग्लिश मीडियम एकदाचं आमच्या उपयोगाला आलं," असं ते गिऱ्हाइकांसमोर सांगतात आणि मी खाली बघते.

त्या दिवशीचा संच अठरा ट्यूब आणि सहा ब्रशांचा होता. खोक्यावर 'प्रोफेशनल' लिहिलेलं. रंगांची अडचण नव्हती. एक थेंब कागदावर वाळवून बघितला तर खालची पेन्सिलची रेघ झाकली गेली. म्हणजे तो पारदर्शक जलरंग नव्हता, पोस्टर कलर होता. कॅडमियम रेडच्या ट्यूबवर बारीक अक्षरांत 'ह्यू' होतं, म्हणजे खरं कॅडमियम नाही, त्याच्यासारखा दिसणारा स्वस्त रंग. मी 'विद्यार्थ्यांसाठी, नवशिक्यांसाठी' लिहिलं. खोक्यावर 'सर्व वयोगट' होतं, पण मुलांसाठी तपासल्याची खूण कुठंच नव्हती, म्हणून मी बारा वर्षांपुढे केलं. काकांनी एकदा भुवया वर केल्या, इतकंच.

मग ब्रशांचे केस कशाचे, हा रकाना. तो रिकामा ठेवता येत नाही. नायलॉन, डुकराचे राठ केस, खारीचे केस, सेबल नावाच्या प्राण्याचे महागडे केस असे पर्याय येतात, त्यातला एक निवडायचा. सेबल हे असू शकत नव्हतं; त्या भावात सेबलचा एक ब्रशही येत नाही. मी एक ब्रश ट्यूबलाइटखाली धरला. टोकाला गडद, मध्ये दुधाळ, खाली पुन्हा गडद. पट्टे एका रेषेत नव्हते, प्रत्येक केसाचा आपापल्या जागी. नायलॉनवर रंगवलेले असते तर सारखे असते.

साइटवर मनाई असलेल्या वस्तूंची यादी मी कामाला लागले तेव्हाच वाचली होती. मुंगसाच्या केसांचे ब्रश त्यात होते. मुंगसं मारून ते करतात, आणि आपल्याकडे ते विकणं हा गुन्हा आहे. मी फोनवर त्या ब्रशांचे फोटो शोधून बघितले. तेच पट्टे.

मागच्या बेसिनशी जाऊन मी काकांच्या देव्हाऱ्यातली काडेपेटी घेतली. दुसऱ्या खोक्यातल्या नायलॉनच्या ब्रशाचा एक केस जाळला, त्याची आकसून कडक गोळी झाली. ह्या संचातल्या ब्रशाचा केस पेटला, जळक्या केसांचा वास आला आणि बोटात राख भुसभुशीत झाली. म्हणजे जनावराचा. कुठल्या, ते राख सांगत नाही.

परत आले तेव्हा माल देणारा माझ्या खुर्चीशी उभा होता. "मॅडम, चाय मंगाऊं?" त्यानं विचारलं. इतक्या दिवसांत त्यानं मला कधी चहा विचारला नव्हता. मी मानेनंच नको म्हटलं. त्याचं बिल टेबलावर होतं. संचापुढे 'मिक्स ब्रश' एवढंच लिहिलेलं. केस कशाचे, हे त्यानं बिलावरही टाळलं होतं.

मी काकांकडे बघितलं. त्यांना माहीत असेल तर? हा प्रश्न मला पट्ट्यांपेक्षा जास्त टोचत होता. काका म्हणजे बरकतपुऱ्यात आमच्या घरासमोरच राहणारा माणूस, माझी फी उशिरा भरली म्हणून बाबांना रागावणारा. आणि माहीत नसेल, तर पकडल्यावर नाव त्यांच्याच दुकानाचं येणार होतं, ह्या माल देणाऱ्याचं नाही.

"काय गं, अडलं कुठं?" काका म्हणाले.

"ब्रश," मी म्हणाले.

"अगं, नॅचरल लिही ना. ह्यांनी सांगितलंय."

"तो पर्याय नाहीये."

"तर खारीचं टाक. लोकांना काय कळतं," काका म्हणाले.

माल देणारा हसला. काका हसले नाहीत. त्यांनी ब्रश उचलला, केसांवरून अंगठा फिरवला आणि परत ठेवला. खारीचे केस मऊ असतात, दाबले की तसेच पडून राहतात. हे केस उसळून परत सरळ झाले. हे काकांना समजायला हवं होतं. चाळीस वर्षं ते ब्रश विकतायत.

परक्या माणसासमोर मी बोलत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं, आणि दोघंही त्याच भरवशावर उभे होते, असं मला वाटलं.

मी बिल त्या माणसापुढे सरकवलं, त्यावर पेन ठेवलं.

"काका, हे केस मुंगसाचे नाहीत, असं ह्यांनी बिलावर लिहून सही करावी. तोवर मी काही टाकणार नाही."