कडीचा आवाज

काजवाली एका काजाला तीस टाके घाली. कारखान्यातल्या बाकीच्या बाया बाविसात उरकत. मास्तर म्हणे, "बाई, शर्ट फाटेल पण तुझं काज फाटायचं नाही." मजुरी मात्र सगळ्यांना सारखीच.

चौतिसाव्या वर्षी तिचं लग्न झालं. नवरा जहाजावर इंजिनखान्यात होता. मेहर, म्हणजे नवऱ्याने बायकोला द्यायचं धन, चार तोळे सोनं, ते निकाहनाम्यात लिहिलेलं, देणं मागाहून. सहा दिवस तो घरी होता. सहाही रात्री तो भिंतीकडे तोंड करून झोपला. सातव्या दिवशी जहाजावर गेला. ती सासरच्या त्याच खोलीत राहिली, दिवसा कारखान्यात जाई.

आठ महिन्यांनी त्याचं पत्र आलं. थोरल्या दिराने ते काझींना नेऊन दाखवलं. एक तलाक, सही आणि खाली एक ओळ : 'आमच्यात नवराबायकोसारखं काही झालेलं नाही.'

ती ओळ का लिहिली, ते तिला भावाने सांगितलं. संबंध आलाच नसेल तर मेहर अर्धा. इद्दत, म्हणजे तलाकनंतर बाईने थांबून राहायची मुदत, तीही नाही, म्हणून इद्दतीचा खर्चही नाही. दोन तोळे हातावर ठेवायचे की सुटला.

"तू सांग, झालं होतं म्हणून," भाऊ म्हणाला. "तो समुद्रावर. खोटं पाडायला कोण येतंय?"

"मला ठाऊक आहे ना."

"तुझ्या खरेपणाची भाजी करून खा मग."

दुसऱ्या दिवशी काझींच्या खोलीत पाचजण बसले. काझी, दीर, जाऊ, भाऊ आणि ती. काझींनी पत्र वाचलं, चष्मा पुसला आणि तिच्याकडे न बघता, समोरच्या वहीत बघत विचारलं, "बेटी, लिहिलंय ते खरं?"

भावाने तिच्याकडे रोखून पाहिलं. तिची मान खाली. आठ महिन्यांत ही गोष्ट तिने कुणाला सांगितली नव्हती. आता ती चार माणसांपुढे मांडायची होती.

"खरं आहे," ती म्हणाली.

दीर पाठ टेकून बसला. "संपलंच की मग, काझीसाहेब."

"संपलं की नाही ते मी सांगतो," काझी म्हणाले. "बेटी, रात्री खोलीत तिसरं कुणी होतं?"

"नाही."

"दार?"

"आतून कडी."

"दोघांपैकी कुणी आजारी? रोजा? तुझी अडचण?"

"पहिले दोन दिवस माझी पाळी होती. पुढचे चार काही नव्हतं."

"कडी होती कशावरून?" दीर म्हणाला. "ती म्हणते म्हणून?"

यावर जाऊ पदर सावरत बोलली. जाऊ तोंडाची फटकळ, पण डोळ्यादेखतचं नाकारणारी नव्हती. "कशावरून काय? ती कडी गंजलेली. गुडघ्याने दार रेटल्याशिवाय बसत नाही. रोज रात्री अशी किंचाळायची की तुम्हीच म्हणायचात, नवरानवरी सगळ्या आळीला उठवतात. मी सकाळी हिला चिडवत होते, सहाही दिवस."

दीर ताठ बसला.

"आपल्या हनफी पंथात," काझी म्हणाले, "नवराबायको बंद दाराआड एकटे राहिले आणि कसली आडकाठी नसली, तर मेहर पुरा. पुढे त्याने तोंड कुठे फिरवलं हा त्याचा प्रश्न. चारही तोळे द्यायचे. इद्दत बसायची, तीन पाळ्या, पत्राच्या तारखेपासून. तोवर राहणं-खाणं त्याच्याकडे, त्याच्याच घरात."

भावाचा चेहरा उजळला. बाहेर पडताना म्हणाला, "जिंकलीस की गं."

अर्धा मेहर ठरला असता तर तिला आजच ट्रंक उचलून निघता आलं असतं. ज्याने बोटही लावलं नाही त्याच्यासाठी आता तीन पाळ्या बसायचं, त्याच खोलीत.

ती बसली. जहाजावरून पैसे येत, जाऊ ताट दाराशी आणून ठेवी. मास्तर जावेच्या हाती शर्ट पाठवी. काज चिरायचं, कड शिवायची, तीस टाके. अंथरूण ती भिंतीपासून दूर घाली. रात्री दार नुसतं लोटून घेई.

महिन्याभराने जाऊ ताट ठेवून तिथेच घुटमळली. "कडी लावत नाहीस हल्ली?"

"नाही."

"तेल घालून देऊ?"

"नको भाभी. आत मी एकटीच आहे."

जाऊ उंबऱ्यावर टेकली. चिडवायला तिला काही सुचलं नाही. तिने सुईत दोरा ओवून दिला आणि ताट रिकामं होईस्तोवर बसून राहिली.

तिसरी पाळी संपली, त्या दिवशी दिराने चार तोळे तिच्यासमोर तोलले. काजवालीने काट्यावर नजर ठेवली, दोनदा तोलायला लावलं. मग ट्रंक उचलून निघाली. दार उघडंच होतं.